लग्नातलं भाषण नाहीतर प्रेमपत्र भाषांतराला देताय? भाषांतरकाराला आधी काय काय सांगायचं

माझ्या लहान बहिणीचं लग्न नागपुरात झालं, जावई जर्मन. त्याच्या घरचे अकरा लोक आले होते, त्यातल्या वयस्कर मंडळींना इंग्रजी जेमतेम. बाबांना रिसेप्शनमध्ये भाषण करायचं होतं आणि ते मराठीतच करायचं होतं, कारण मनातलं दुसऱ्या भाषेत येत नाही म्हणे. तर मग जर्मन भाषांतर करून घ्यायचं ठरलं, आणि बहिणीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. स्पेशल मॅरेज अॅक्टच्या नोटिशीसाठी जावयाचे कागद ज्यांच्याकडून भाषांतर करून घेतले त्यांनाच मी बाबांचं भाषण मेल केलं, वर एक ओळ लिहिली, "कृपया जर्मनमध्ये करून द्यावे". बस. चार दिवसांनी भाषांतर आलं, व्याकरणाची एक चूक नव्हती, आणि तरी ते जसंच्या तसं वाचलं असतं तर बाबा आपल्या जावयाशी बँक मॅनेजरसारखे बोलले असते आणि आमच्या मामांचं बाई झालं असतं. कसं ते पुढे येईलच.

चूक त्यांची नव्हती. जन्माच्या दाखल्यात कोण कोणाला काय म्हणतो याचा प्रश्नच नसतो, तिथे नाव, तारीख, शिक्का एवढं बरोबर आलं की झालं. भाषणात आणि पत्रात मात्र अर्धा मजकूर कागदावर नसतोच, तो आपल्या घरात असतो. तो कागदावर कसा आणायचा ते लिहून राहिलो. माझं उदाहरण जर्मनचं आहे, पण तेलुगू, फ्रेंच, जपानी, कुठलीही भाषा असो, हे प्रश्न असेच येतात.

भाषांतरकाराला द्यायला काय तयार ठेवायचं

- भाषण टाइप केलेलं, शेवटचं. रोज बदलणारं नाही.
- ज्याचं भाषण आहे त्याने ते मोबाइलवर वाचून केलेलं रेकॉर्डिंग. हे सगळ्यात कामाचं, आवाजावरून कळतं कुठे थट्टा आहे आणि कुठे गळा दाटला.
- नात्यांचा एक पानी कागद (पायरी २ पाहा).
- नावं कशी उच्चारायची, दोन्हीकडची.
- काय बोलायचं नाही त्याची यादी.
- लग्नाच्या किमान तीन आठवडे आधीचा वेळ, म्हणजे एकदा प्रश्नोत्तरं आणि एकदा दुरुस्ती होऊ शकते.

१. कोण वाचणार, कोण ऐकणार, कसं ऐकणार

हे पहिले सांगा, कारण यावर वाक्यांची लांबी ठरते. भाषांतर छापून टेबलावर ठेवणार असाल तर लांब वाक्य चालतं आणि एखाद्या शब्दाचा अर्थ खाली बारीक अक्षरात देता येतो. कोणी मोठ्याने वाचणार असेल तर तसं काही देता येत नाही, कानावर पडलं ते पडलं. आमच्याकडे असं ठरलं की बाबा एक परिच्छेद मराठीत बोलतील मग जावयाची बहीण तोच परिच्छेद जर्मनमध्ये वाचेल. अशाने पाच मिनिटांचं भाषण दहा मिनिटांचं होतं, आणि वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये मागे जेवणाची रांग लागलेली असताना दहा मिनिटं फार होतात. म्हणून आधी बाबांचं मराठी भाषणच कापलं. परिच्छेद चार-पाच वाक्यांचे ठेवले, आणि भाषांतरकाराला सांगितलं की परिच्छेद फोडू नका, जोडू नका, नाहीतर वाचणारीला कळणार नाही कुठे थांबायचं.

आणि हेही विचारून घ्या की भाषांतर थेट मराठीतून होणार की मधे इंग्रजी आहे. मराठी ते जर्मन थेट करणारे लोक मोजकेच, त्यामुळे कधीकधी एक जण इंग्रजी करतो, दुसरा त्यावरून जर्मन. इंग्रजीत शिरलं की तू, तुम्ही, आपण तिन्हीचं एकच होतं, मावशी आत्या काकू मामी चौघींची एकच आंटी होते, आणि जे गेलं ते पुढच्या माणसाला परत आणता येत नाही कारण त्याला ते दिसतच नाही. मधे इंग्रजी असणारच असेल तर इंग्रजी मजकुरात प्रत्येक ठिकाणी कंसात लिहायला लावा की इथे मूळ तू आहे, इथे तुम्ही आहे, इथे आईचा भाऊ आहे.

२. नात्यांचा कागद

एक पान घ्या. भाषणात ज्याचं ज्याचं नाव किंवा नातं येतं त्या प्रत्येकासमोर हे लिहा: नवरी-नवऱ्याशी नेमकं नातं, वय साधारण किती, हॉलमध्ये हजर असणार की नाही, हयात आहे की नाही, आणि बोलणारा त्याला काय म्हणून हाक मारतो.

आता मामांचं सांगतो. बाबांनी लिहिलं होतं, "सकाळी मामा तिचा हात धरून तिला बोहल्याकडे घेऊन आले तेव्हा मला ती पहिल्या दिवशी शाळेत गेली ते आठवलं." भाषांतरकाराने मामा हा शब्द तसाच ठेवला, विचार चांगला होता, आपला शब्द राहावा. पण जर्मनमध्ये मामा म्हणजे आई! ऐकणाऱ्याला वाटलं असतं आईने तिला आणलं, आणि ज्या लोकांनी सकाळी डोळ्यांनी एका मिशीवाल्या माणसाला अंतरपाटाशी पाहिलं ते गोंधळले असते. शेवटी तिथे "तिच्या आईचा भाऊ, आमच्याकडे नवरीला मंडपात आणायचा मान त्याचा असतो" असं केलं. वाक्य लांबलं, पण त्या लोकांना सकाळी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ संध्याकाळी लागला, मामांनाही बरं वाटलं.

दुसरं, आणि हे जास्त नाजूक. बाबांनी जावयाच्या आईवडिलांना उद्देशून लिहिलं होतं, "तुम्हा उभयतांनी आपल्या घरात मुलाला जे संस्कार दिले..." आता त्याचे आईवडील तो नऊ वर्षांचा असतानाच वेगळे झालेले, वडील दुसऱ्या बायकोला घेऊन आले होते आणि तिघंही एकाच टेबलावर बसणार होते. आम्हाला घरात हे माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं, पण लिहिताना हात आपल्या सवयीने उभयता लिहून गेला. भाषांतरकाराला माहीत असायचं काही कारणच नव्हतं, त्याने "तुम्ही दोघांनी मिळून आपल्या घरात" असं अगदी नीट केलं. कागदावर ही एक ओळ आधी लिहिली असती तर त्यानेच फोन करून विचारलं असतं. आपल्याला असल्या गोष्टी बाहेरच्या माणसाला सांगायला जड जातं, मलाही गेलं, पण हॉलमध्ये कळण्यापेक्षा भाषांतरकाराला कळलेलं बरं. नंतर दोघांचं वेगवेगळं वाक्य केलं आणि त्या दुसऱ्या बायकोचंही नाव घेतलं.

व्याही-विहीण या नात्याला रोजच्या जर्मनमध्ये आपल्यासारखा सुटसुटीत शब्द नाही. तिथे नावानेच बोलायचं. मग नावाआधी श्री-श्रीमती लावायचं की नुसतं पहिलं नाव, हा प्रश्न येतो, आणि तो पुढच्या पायरीत जातो.

३. तू, तुम्ही आणि समोरच्या भाषेतलं त्यांचं माप

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

आपल्याकडे जावयाला अहो-जाहो करतात. बाबा त्याला "जवाईबापू, तुम्ही" म्हणतात आणि त्यात माया पण आहे, मान पण आहे. जर्मनमध्ये दोन आहेत, "डू" म्हणजे तू आणि "झी" म्हणजे तुम्ही. भाषांतरकाराने तुम्ही पाहिलं, झी लिहिलं. डिक्शनरीने बरोबरच. पण जर्मन घरात आपल्या माणसाला झी म्हणत नाहीत, झी ऑफिसात, दुकानात, अनोळखी मोठ्या माणसाशी. सासरा जावयाला भर लग्नात झी म्हणाला तर तिकडच्या लोकांना वाटणार की याने पोराला अजून घरात घेतलं नाही. म्हणजे शब्द तोच, पण आपल्याकडे तो जवळ आणतो आणि तिकडे लांब ढकलतो.

म्हणून भाषांतरकाराला नुसतं "तुम्ही वापरलंय" असं सांगू नका. असं सांगा: कोण बोलतोय, कोणाशी, त्या तुम्हीमध्ये मान किती आणि जवळीक किती. आमचा निरोप होता, "जावयाशी मुलासारखं बोलायचं, तुम्ही फक्त आपल्या रीतीमुळे." तो आपोआप डू झाला. मान दुसरीकडे भरून काढला, एका वाक्यात "तुझ्याबद्दल मला आदर वाटतो" हे सरळच म्हटलं.

जावयाच्या आईवडिलांचं जास्त अवघड होतं. तिकडची जुनी रीत अशी की झीवरून डूवर यायचं असेल तर मोठ्या माणसाने तसं आपणहून सुचवायचं. बाबांचं वय आणि त्यांचं वय सारखंच, आणि बाबा त्यांच्याशी कधी जर्मन बोललेच नाहीत तर कोण कोणाला सुचवणार? मग मी जावयालाच व्हॉट्सअॅपवर विचारलं, भाषणातलं काही न दाखवता, फक्त एवढंच की बाबांनी तुझ्या आईबाबांना डू म्हटलं तर चालेल का. त्याने आईला विचारून सांगितलं की नक्की, तिला आवडेल. तर माझा सल्ला असा की हा निर्णय भाषांतरकारावर सोडू नका, तो अंदाज करेल, आणि समोरच्या घरात एक माणूस तरी असतो ज्याला विचारता येतं.

एक गोष्ट मला भाषांतरकाराने सांगितली ती इथे देतो. अनेक जणांना एकदम डू म्हणायचं असेल तर शब्द बदलतो, "ईर" होतो. भाषणात बाबा कधी एकट्या जावयाशी बोलतात, कधी नवरानवरी दोघांशी, कधी त्याच्या घरच्यांशी आणि कधी सगळ्या हॉलशी, आणि मराठीत चारही ठिकाणी "तुम्ही"च आहे. म्हणून भाषणाच्या प्रिंटवर मी चार रंगाच्या पेनने प्रत्येक तुम्हीला गोल केले आणि फोटो पाठवला. पंधरा मिनिटांचं काम आहे, कराच.

४. आपली नागपुरी बोली

भाषांतरकार पुण्याचे होते. मराठी मातृभाषा, तरी आपली बोली ही वेगळीच, हे मी धरलंच नव्हतं. तीन ठिकाणी घसरलं.

बाबांनी लिहिलं, "पोट्टी तिथे शिकून राहिली होती तेव्हा हा तिला भेटला." आपल्याकडे याचा अर्थ शिकत होती. त्यांनी केलं की शिक्षण झाल्यावर ती तिथेच राहिली, तेव्हा भेटला. म्हणजे तिच्या प्रोफेसरने ऐकलं असतं तर म्हणाला असता हे कधीचं बोलताहेत.

"पोट्टी" शब्दच त्यांना उद्धट वाटला, कार्टीसारखा, म्हणून त्यांनी तो सौम्य करून "कन्या" अशा थाटाचा केला. बाबांचा पोट्टी म्हणजे लाडाचा शब्द. रेकॉर्डिंग पाठवलं तेव्हा त्यांना कळलं.

आणि सांबारवडी. बाबांच्या भाषणात जावयाने पहिल्यांदा आमच्या घरी चार सांबारवड्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली ही गोष्ट आहे. भाषांतरात ते दक्षिणेकडच्या सांबारात भिजवलेल्या वड्या झालं. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्या मराठी माणसाला माहीत असतंच असं नाही बाप्पा. आता तिथे "कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी" आहे.

तर बोलीतला प्रत्येक शब्द, पदार्थ, हाक, आणि "करून राहिला" सारखी प्रत्येक रचना पिवळी करा आणि समोर साध्या पुस्तकी मराठीत अर्थ लिहा. भाषांतरकार मराठी आहे म्हणून हे टाळू नका.

५. प्रत्येक खास वाक्यासमोर लिहा: अर्थ, चित्र की नाद

"आज माझी लेक तुमच्या पदरात घालतो." हे वाक्य बाबांना हवंच होतं. शब्दशः केलं तर मुलगी कोणाला तरी देऊन टाकली असं ऐकू येतं, आणि माझ्या बहिणीलाच ते आवडलं नसतं. मी बाबांना विचारलं की तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिला सांभाळा, मला तिकडे पटकन येता येणार नाही." तेच भाषांतरकाराला पाठवलं आणि जर्मनमध्ये तेच गेलं. इथे फक्त अर्थ ठेवला.

चित्र ठेवायचं असेल तर तसं सांगा. आजीबद्दलचं वाक्य होतं, तिने दाराशी लावलेली तुळस आजही आहे. आजी दोन वर्षांपूर्वी गेली हे नात्यांच्या कागदावर होतं. इथे तुळशीला काढायचं नाही, समजवायचं पण नाही, नुसतं आजीने लावलेलं रोप म्हणा असं लिहून दिलं.

नाद म्हणजे उखाणा. बहिणीने जो घ्यायचा ठरवला होता तो असा: "संत्र्याच्या बागेत मृगाचा बहार, अमुकरावांचं नाव घेऊन घालते गळ्यात हार." भाषांतरकाराने मृग नक्षत्र, त्या वेळी येणारा बहार, सगळं समजावून चार ओळी केल्या. खरी होती माहिती पण त्यात उखाणा मेला. उखाण्यात माहिती नसतेच, नवऱ्याचं नाव ऐकायला लोक कान टवकारून असतात आणि नाव आलं की टाळ्या पडतात. तर मी सांगितलं की मृग सोडा, यमक जुळवा, दोन ओळी, आणि नाव अगदी शेवटी येऊ द्या. तसंच झालं, जर्मन टेबलावरून पण वेळेवर टाळी आली.

थट्टेचं वेगळं सांगतो. प्रत्येक थट्टेसमोर लिहा की ती कोणावर आहे आणि त्या माणसाला चालणार आहे का. घरजावयाचा जोक आम्ही पूर्ण काढला. आपल्या लोकांना हसू येतं पण समजावून सांगितला की तो टोमणा होतो. "वऱ्हाड" शब्दावरची कोटी पण काढली, लग्नाचं वऱ्हाड आणि आपला वऱ्हाड प्रांत, हे दुसऱ्या कुठल्या भाषेत जमणारच नाही. बाबांना वाईट वाटलं, मग त्यांनी ती फक्त मराठीत म्हटली आणि त्या परिच्छेदाचं जर्मन दुसरंच होतं. हेही करता येतं, फक्त भाषांतरकाराला सांगून करा.

६. पत्र असेल तर

जावयाने लग्नाच्या आदल्या दिवशी बहिणीला द्यायला एक पत्र लिहिलं होतं, तिला जर्मन येतं तरी त्याला ते मराठीतून द्यायचं होतं. त्याने मला न दाखवता थेट भाषांतरकाराला पाठवलं ते बरोबरच केलं, मी फक्त काय सांगायचं याची यादी त्याला दिली. पत्रातले तीन तुकडे मला बहिणीने नंतर हसत हसत सांगितले, तिला विचारूनच लिहितो.

पहिलं, हाक. तो तिला "माउस" म्हणतो. म्हणजे उंदीर. आणि "शात्स", म्हणजे खजिना. दोन्ही तिकडे घरोघरी चालणारे लाडाचे शब्द, पण मराठीत उंदीर म्हणून पत्र सुरू झालं तर संपलंच. हाक भाषांतराला द्यायचीच नाही, दोघांमधे जी खरी चालते तीच ठेवायची. त्याने माउस तसाच देवनागरीत ठेवला.

दुसरं, नातं कुठवर आलंय ते सांगा. जर्मनमध्ये प्रेमाची दोन वाक्यं आहेत, "इश हाब डिश लीप" हे आईला, बहिणीला, मैत्रिणीला पण म्हणतात, आणि "इश लीबं डिश" हे मोठं, ते मुख्यतः जोडीदाराला. मराठीत दोन्हीचं "माझं तुझ्यावर प्रेम आहे" होतं, आणि ते आपल्याकडे घरात कोणी म्हणतं का? पडद्यावरचं वाटतं. म्हणून भाषांतरकाराला सांगायचं की हे वाक्य आधी म्हटलं गेलंय का, कोणत्या भाषेत, आणि दोघं एकमेकांशी रोज कोणत्या भाषेत बोलतात. त्यांचं रोजचं जर्मनमध्येच चालतं, तर ते एक वाक्य जर्मनमध्येच राहिलं, बाकी पत्र मराठी.

तिसरं साधं आहे पण विसरतात. लिहिणारा पुरुष की बाई ते सांगा. जर्मनमध्ये "मी आलो" आणि "मी आले" सारखंच असतं, मराठीत नाही, आणि नुसत्या परदेशी नावावरून आपल्याला कळत नाही.

पत्र खासगी आहे. काम द्यायच्या आधी विचारा की ते एकटेच करणार की दुसऱ्या कोणाला तपासायला देणार, आणि मजकूर कोणाला दाखवणार नाही, काम झाल्यावर पुसून टाकतील हे मेलवर लिहून घ्या. भाषांतरकाराला यात अपमान वाटत नाही, त्यांना सवय असते.

७. मी दुसऱ्यांदा पाठवलेली चिठ्ठी

जशीच्या तशी देतो, नावं काढून:

"बोलणारे: नवरीचे वडील, ६३, निवृत्त शिक्षक, स्वभाव मिश्किल, मोठमोठे शब्द वापरत नाहीत. ऐकणारे: नवऱ्याकडचे ११, वयं २४ ते ८१. जर्मन वाचणार नवऱ्याची बहीण, माइकवर. नवऱ्याला, त्याच्या आईला, वडिलांना आणि वडिलांच्या पत्नीला डू, विचारून घेतलंय. सगळ्या हॉलशी बोलताना कसं ते तुम्ही ठरवा. नवऱ्याचे आईवडील विभक्त आहेत, दोघांना जोडीने संबोधू नका. आजी हयात नाही. दुःख एकाच वाक्यात आहे, ते वाढवू नका. धर्म, खर्च, मुलंबाळं यावर काही नाही, वाटलं तर विचारा. पिवळं केलेलं नागपुरी, अर्थ बाजूला. शंका आली तर फोन, संध्याकाळी सातनंतर."

यावर त्यांचे नऊ प्रश्न आले. पहिल्या वेळी शून्य आले होते. प्रश्न आले की समजा काम नीट चाललंय, आणि एकही आला नाही तर तुम्हीच फोन करून विचारा.

८. आलेलं भाषांतर कसं तपासायचं

आपल्याला ती भाषा येत नाही तर दुसऱ्या कोणाला तरी, ज्याने मूळ मराठी पाहिलं नाही, ते भाषांतर देऊन तोंडी मराठीत सांगायला लावा. शब्द विचारू नका. हे विचारा: बोलणारा कसा माणूस वाटतो, जावई त्याचा कोण वाटतो, कुठे हसू आलं. माझ्या एका मित्राची बायको जर्मन शिकवते, तिने पहिलं भाषांतर वाचून म्हटलं होतं, "भाषण चांगलं आहे, कंपनीच्या डायरेक्टरचं आहे का?" त्यावरूनच तर मला सगळं कळलं.

आणि बोलणाऱ्याला एखादं वाक्य त्या भाषेत स्वतः म्हणायचं असेल तर ते देवनागरीत लिहून मागा, सोबत भाषांतरकाराच्या आवाजात रेकॉर्डिंग. देवनागरीत काही आवाज बसत नाहीत. बाबांना शेवटी "आजचा दिवस सुंदर आहे" म्हणायचं होतं. सुंदरसाठीच्या जर्मन शब्दात जो स्वर आहे तो तोंड "ए"चं ठेवून ओठ "ओ"सारखे गोल केले की निघतो, सरळ "शोन" म्हटलं की त्याचा अर्थ "आधीच" होतो. बाबांनी आठ दिवस आंघोळीच्या वेळी ते एक वाक्य घोकलं, आणि त्या दिवशी माइकवर बरोबर म्हटलं.